‘माझे वडील’ लिहिताना वडिलांना विचारलं का?
(निबंधलेखन : शिक्षक आणि पालकांसाठी)



निबंधाचे ठरलेले विषय आपल्याला पाठ आहेत. माझी आई, माझे वडील, माझे आजोबा, माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग. आपण मुलांना सांगतो, ‘गाईडमधलं उतरवू नका, स्वतःच्या घरातलं खरं लिहा.’ मीही लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या परिसरात शिकवताना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. मुलं खरं लिहायला लागली की निबंध जिवंत होतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्या खऱ्यामध्ये जी माणसं येतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आईला माहीत नसतं की तिचं रडणं नववीच्या वहीत गेलं आहे.

आज याच गोष्टीबद्दल लिहितो आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी केलेली चूक

नववीच्या एका मुलीने ‘अविस्मरणीय प्रसंग’ या विषयावर निबंध लिहिला. तिच्या मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते आणि ते लग्न जुळलं नाही, तो दिवस तिने लिहिला होता. बहिणीला सिकलसेल आहे, हे त्यात स्पष्ट होतं. निबंध इतका मनापासून लिहिलेला होता की मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलीचं नावही सांगितलं, तिचं कौतुक व्हावं म्हणून.

शाळा सुटेपर्यंत ती गोष्ट वर्गात होती, संध्याकाळी ती गावात होती. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि हळूच म्हणाली, “सर, ती वही बाबाले नोका दाखवू जी.” माझ्या कौतुकाची किंमत तिच्या बहिणीने चुकवली होती.

आता तुम्ही विचाराल, सर, मग तुम्ही हे इथे पुन्हा का सांगता? रास्त प्रश्न आहे. हा मजकूर टाकण्याआधी मी दोघी बहिणींना वाचून दाखवला. आईने ऐकला, तिने वडिलांना सांगितला. मोठी बहीण आता तिच्या संसारात आहे. तिने मला दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या काढल्या. मी आजाराचं नाव काढू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “नाव राहू द्या, लपवूनच सगळं बिघडते.” मला वाटलं होतं नेमकं उलट. मी स्वतःच ठरवून आजाराचं नाव गाळलं असतं आणि जे तिला नको होतं ते ठेवलं असतं. कोणती शाळा, कोणतं वर्ष, हे मात्र सांगत नाही.

नाव बदललं की झालं, हा समज

आपण साधारणपणे असा सल्ला देतो की नावं बदला. कथेत ते चालतं, पण ‘मी’ने लिहिलेल्या निबंधात चालत नाही. वहीच्या वर मुलीचं नाव आहे आणि आत ‘माझी ताई’ असं लिहिलं आहे. तिला एकच ताई असेल तर जगात त्या शब्दाने ओळखलं जाणारं माणूस एकच. तुम्ही ताईला सीमा म्हणा, मीना म्हणा, काही फरक पडत नाही. लिहिणाऱ्याची सही हाच घरच्यांचा पत्ता असतो.

शहरातल्या वाचकाला ‘माझे वडील’ म्हणजे कोणीतरी वडील. आपल्याकडे धान भरडायला एकाच राईस मिलवर जाणारी, रोवणीला एकाच बांधीत उतरणारी माणसं तो निबंध ऐकतात. म्हणून इथे ‘कोण ते कळणार नाही’ हे गृहीतच धरू नका. सगळ्यांना कळेल असं धरा आणि मग ठरवा की काय लिहायचं.

मराठीतल्या मोठ्या लेखकांनाही यातून सुटका मिळाली नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 साली आलं. त्यात त्यांनी एक युक्ती केली. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो, अशी रचना केली. म्हणजे सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. पण दगडू आणि दया पवार एकच, हे सगळ्यांना कळलं. आपल्या घरातलं, वस्तीतलं चव्हाट्यावर का मांडलं, अशी नाराजी त्यांच्याच समाजातून आली. मधे आडपडदा घातल्याने लिहिणाऱ्याला स्वतःकडे लांबून बघता येतं, हा त्याचा खरा उपयोग. नातेवाईक मात्र त्यामागे झाकले जात नाहीत.

सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली आलं तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते आणि घराघरात लाडके होते. तिथे तर नाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पुष्कळ वाचकांना राग आला, की आपल्या पु.लं.बद्दल घरातलं असं लिहायचं? पण सुनीताबाईंनी लिहिलं ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेलं. त्या स्वतःलाही सोडत नाहीत. ज्या संसाराची गोष्ट आहे त्या संसारातल्या दोघांपैकी त्या एक आहेत. म्हणून ते पुस्तक आवडो न आवडो, ते लिहिण्याचा त्यांचा हक्क नाकारता येत नाही.

इथे आपल्या हाती एक कसोटी येते. ही गोष्ट कोणाची आहे?

तीन रंगांची कसोटी

वर्गात मी आता असं करतो. निबंधाचा कच्चा मसुदा झाला की मुलांना तीन रंगांचे पेन घ्यायला सांगतो. घरच्या माणसाचा उल्लेख असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करायचं. जे माझ्या बाबतीत घडलं किंवा जे मी केलं ते निळ्याने. जे मी पाहिलं ते हिरव्याने. जे मला कोणी सांगितलं किंवा माझ्या कानावर पडलं ते लालने.

उदाहरण घेऊ. मूळ निबंधातली वाक्यं देत नाही, खालचा उतारा मी समजावण्यासाठी स्वतः तयार केला आहे.

“पाहुणे उठून गेले. ताईला सिकलसेल आहे हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. रात्री आई बाबांना म्हणाली, हे तुमच्याच घराण्यातून आलं. ताई कितीतरी वेळ न्हाणीत रडत होती. ताईने मला आधीच सांगितलं होतं की हे स्थळ तिला पसंत नाही.”

पाच वाक्यं आहेत. पहिलं हिरवं, मुलीने पाहिलेलं. दुसरं लाल, ऐकीव. तिसरं लाल, रात्री भिंतीपलीकडून ऐकलेलं. चौथं हिरवं, पण दार लावून रडणाऱ्या माणसाबद्दलचं. पाचवं लाल, आणि तेही विश्वासाने सांगितलेलं. निळं एकही नाही! जिच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग आहे ती मुलगी या उताऱ्यात कुठेच नाही.

लाल वाक्यं सगळी काढायलाच हवीत असं नाही. पण ती लिहिणाऱ्याची नाहीत, उसनी आहेत. उसनी वस्तू धन्याला न विचारता तिसऱ्याला देता येत नाही. विश्वासाने सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याने ‘लिही’ म्हटल्याशिवाय ते वहीत जायचं नाही. हिरव्या वाक्यांसाठी एकच प्रश्न विचारायचा. त्या माणसाला माहीत होतं का, की मी बघते आहे? ओट्यावर बसून आजोबा बोलत असतील तर माहीत होतं. न्हाणीचं दार लावून ताई रडत असेल तर तिला वाटत होतं की आपण एकटे आहोत.

एका वाक्यात किती माणसं उघडी पडतात

दुसऱ्या वाक्याकडे पुन्हा बघा. ‘ताईला सिकलसेल आहे.’ वाटतं की हे एकट्या ताईबद्दल आहे. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे त्याचं विज्ञान तुम्ही आठवी-नववीला शिकवतही असाल. आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही ते सदोष जनुक यावं लागतं. म्हणजे या एका वाक्याने आई वाहक आहे आणि वडीलही किमान वाहक आहेत, हे सांगून टाकलं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता चारात एक, आणि फक्त वाहक असण्याची शक्यता चारात दोन. म्हणजे लिहिणारी मुलगी आणि तिचा लहान भाऊ यांच्याकडेही गाव आता संशयाने बघणार. उद्या त्यांच्याही लग्नाच्या वेळी हा निबंध कोणीतरी आठवणार.

तिसरं वाक्य तर त्याहून वाईट. ‘तुमच्याच घराण्यातून आलं’ हे आई रागात म्हणाली, आणि ते चूक आहे, कारण आजार दोन्हीकडून येतो. भांडणातलं वाक्य दुसऱ्या दिवशी आई विसरून गेली असेल. वहीत मात्र ते पक्कं झालं, वडिलांच्या माथी दोष ठेवून. रागात बोललेलं वाक्य खरंच उच्चारलं गेलं होतं, म्हणून ते खरं ठरत नाही.

आजार, कर्ज, दारू, मोडलेलं लग्न, दत्तक मूल, पोलीस केस, या सगळ्यांचं असंच असतं. एका माणसाचं म्हणून लिहिलेलं वाक्य चार-पाच जणांना लागतं. म्हणून मुलांना सांगा, वाक्याखाली बोटं मोजा. यात कोण कोण आलं?

गाळल्याने निबंध पांगळा होतो का?

ही शंका मलाही होती. म्हणून वरचाच प्रसंग निळ्या वाक्यांनी लिहून पाहू.

“पाहुणे अचानक उठले. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात उभी होते. सहा ताटल्या होत्या. आता त्या कोणाला द्यायच्या ते कळेना. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी मागे वळले आणि पोहे पुन्हा कढईत टाकले. लिंबाच्या फोडी तेवढ्या वेगळ्या काढून ठेवल्या. का ठेवल्या ते मलाही माहीत नाही. त्या रात्री माझ्या मनात एक प्रश्न आला. तो मी अजून कोणाला विचारलेला नाही.”

यात आजाराचं नाव नाही, भांडण नाही, न्हाणी नाही. पण त्या घरात काय झालं ते कळतं, आणि या वेळी मुलगी स्वतः तिथे आहे. दुसऱ्याचं गुपित काढून घेतलं की लिहिणाऱ्याला स्वतःकडे वळावंच लागतं. पुष्कळदा निबंधात खळबळजनक माहिती येते ती आपल्याला स्वतःचं काय वाटलं ते सापडलेलं नसतं म्हणून.

तरीही एक गोष्ट विसरू नका. पाहुणे उठून गेले, हे या उताऱ्यातही आहेच. तेवढ्यानेही ताई ओळखू येते. म्हणजे गाळणं झालं तरी विचारणं राहतंच.

विचारायचं कसं?

‘मी तुझ्यावर निबंध लिहू का?’ असं विचारलं की आजी हसून म्हणते, ‘लिही बापा.’ तिला वाटतं, नातू आपलं कौतुक लिहिणार. ही परवानगी खरी नव्हे. परवानगी मजकुराची घ्यायची असते, विषयाची नाही. तिच्याबद्दलची वाक्यं तिला जशीच्या तशी वाचून दाखवायची. आजीला अक्षरओळख नसेल तर तिच्या बोलीत समजावून सांगायचं, पण गुळगुळीत करून नाही.

दुसरं, हे कुठे जाणार ते सांगायचं. वहीत राहणार, सर वाचणार, वर्गात वाचलं जाणार, शाळेच्या हस्तलिखितात येणार, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार की इंटरनेटवर? एकेक पायरी वर चढताना पुन्हा विचारायचं. वहीसाठी दिलेला होकार व्हॉट्सॲपला चालत नाही. माझी चूक हीच होती. मुलीने वही मला दिली होती, वर्गाला नाही.

तिसरं, उत्तराला वेळ द्यायचा. दोन-चार दिवस. समोरासमोर माणूस भिडेने ‘हो’ म्हणतो. आणि ‘नाही’ म्हणायचं असेल तर काय काय करता येईल हेही सांगायचं. हे वाक्य काढू, हा भाग बदलू, किंवा सगळं फक्त वहीत ठेवू.

लहान भावंडांचा होकार मात्र होकार धरू नका. पाच वर्षांच्या भावाला अंथरूण ओलं करण्यावरचा विनोद आज आवडेल, पंधराव्या वर्षी आवडणार नाही. पालकहो, मुलांच्या गमती ग्रुपवर टाकताना हे आपल्यालाही लागू आहे.

जिथे विचारताच येत नाही

आता सगळ्यात अवघड भाग. बाप दारू पिऊन मारतो, असं मुलाने लिहिलं. त्याला ‘आधी बाबांची परवानगी आण’ म्हणायचं का? मुळीच नाही. तसं सांगणं म्हणजे त्याला मार खायला पाठवणं. ज्याची आपल्यावर सत्ता चालते त्याच्या परवानगीवर आपलं दुःख टांगून ठेवता येत नाही. मार मुलाच्या अंगावर पडला, ते वाक्य निळं आहे, त्याचंच आहे. त्याने ते जरूर लिहावं.

पण लिहिणं वेगळं आणि इतरांसमोर जाणं वेगळं. असा निबंध वर्गात वाचायचा नाही, स्पर्धेला पाठवायचा नाही, स्टाफरूममध्ये त्याची चर्चा करायची नाही. त्यावर ‘छान, शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ असा शेरा मारून वही परतही द्यायची नाही. ही मदतीची हाक असू शकते. मुलाशी एकटं बोला. धोका वाटला तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक आहे. आणि मजकुरात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे निबंध, परवानगी, घराची अब्रू हे सगळे विचार बाजूला ठेवायचे.

म्हणजे नियम सगळ्यांना सारखा नाही. लिहिणाऱ्यापेक्षा जो दुबळा आहे, म्हणजे आजारी बहीण, म्हातारी आजी, लहान भाऊ, त्याच्या बाबतीत हात जास्त आखडता. लिहिणाऱ्यावर ज्याची सत्ता आहे त्याच्या बाबतीत लिहिणाऱ्याचा हक्क मोठा. घरात आईची जागा कोणती, हे मात्र प्रत्येक घरी वेगळं असतं, ते मुलालाच विचारून ठरवावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो. 1994 साली आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्वतःचं कुटुंब, लग्न, मातृत्व, मुलं, शिक्षण यांबाबत माणसाला खासगीपणाचा हक्क आहे, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याबद्दल काही प्रसिद्ध करता येत नाही, मग ते खरं असो की खोटं. सार्वजनिक दस्तऐवजातली माहिती वगैरे काही अपवाद त्यात आहेत. ‘पण सर, मी खरंच लिहिलं आहे’ हे मुलांचं उत्तर म्हणून पुरेसं नाही.

मृत माणसाबद्दल काहीही लिहावं, असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, आणि आधीच्या दंड संहितेतही, मृत व्यक्तीच्या नातेवाईकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप बदनामी ठरू शकतो असं स्पष्टीकरण आहे. शाळेच्या निबंधावर सहसा कोणी खटला भरत नाही. पण आजोबा गेले म्हणजे आजीला विचारायचं कारण संपलं, असं होत नाही एवढं यातून घ्या.

वर्गासाठी

मी आता निबंधाच्या वहीत पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात मुलांना तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगतो. ‘स’ म्हणजे फक्त सरांनी वाचावा. ‘व’ म्हणजे वर्गात वाचला तरी चालेल. ‘ब’ म्हणजे बाहेर गेला तरी चालेल, आणि ‘ब’ लिहायचं असेल तर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवलेलं असलं पाहिजे. कोणतंही अक्षर नसेल तर तो ‘स’ धरायचा. अक्षरावर गुण अवलंबून नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, नाहीतर सगळे ‘ब’ लिहितील.

पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्या वह्यांवर ‘स’ होता. मला थोडं वाईट वाटलं. मग निबंध वाचायला घेतले आणि लक्षात आलं की इतकं खरं या मुलांनी आधी कधीच लिहिलं नव्हतं.